गोणीवरचे तीन आकडे आणि गोलातला ‘आर’

प्रश्न: वाघोलीच्या पुढे केसनंदला आमची दोन गुंठे जागा आहे. काळी जमीन, बोअरचं पाणी. एका गुंठ्यात टोमॅटो लावायचाय, बाकी वांगी आणि पालेभाज्या. दुकानात खतांच्या इतक्या कंपन्या आहेत की काही सुचत नाही. एका सेंद्रिय खताच्या गोणीवर ‘एनपीके 4:4:4, रजिस्टर्ड’ असं लिहिलंय आणि गांडूळखतापेक्षा तेच भारी, असं दुकानदार म्हणतो. कुठला ब्रँड घ्यावा?

उत्तर:

कंपनीचं नाव मी सगळ्यात शेवटी बघतो. हवेली तालुक्यात एकवीस वर्षं कृषी सेवा केंद्र चालवलं, आता काउंटर मुलाकडे आहे आणि मी भाजीपाला करतो. तेव्हा दुकानदार काय बोलतो आणि का बोलतो, हे दोन्ही मला ठाऊक आहे. गोणी समोर आली की पहिल्यांदा ती उलटी करायची. पुढची बाजू सेल्समनची असते. हिरवीगार पानं, लालभडक टोमॅटो, मिशीवर ताव मारणारा शेतकरी. आपल्या कामाचा मजकूर बहुधा मागे, बारीक अक्षरात असतो.

युरिया, डीएपी, पोटॅश आणि 10:26:26 सारखी अनुदानित मिश्रखतं घेताना तर ब्रँडचा प्रश्नच उरलेला नाही. ऑक्टोबर 2022 पासून ही खतं ‘भारत युरिया’, ‘भारत डीएपी’, ‘भारत एनपीके’ अशा एकाच नावाने येतात. गोणीचा मोठा भाग या नावासाठी असतो आणि कंपनीला कोपऱ्यात जागा मिळते. आतला माल एकाच आदेशाच्या मापाने तपासला जातो, तो म्हणजे खत नियंत्रण आदेश, 1985. या कंपनीचा डीएपी जोरात चालतो आणि त्या कंपनीचा मंद, असं कोणी सांगितलं तर हसून पुढे व्हा. गोणी मशीनने शिवलेली आहे का, शिलाई उसवून पुन्हा घातल्यासारखी दिसते का, आणि दुकानदार पॉस मशीनवर नोंद करून पक्कं बिल देतो का, एवढं बघितलं की झालं.

आता आकडे. 10:26:26 म्हणजे शंभर किलो खतात 10 किलो नत्र, 26 किलो स्फुरद आणि 26 किलो पालाश. क्रम कायम हाच. चौथा आकडा असला, जसं 20:20:0:13, तर तो गंधकाचा. आकडे टक्क्यांत असतात, त्यामुळे 50 किलोच्या गोणीत त्याच्या निम्मं सापडतं. लोक इथे एक चूक हमखास करतात. आकडे समसमान दिसले की खत ‘संतुलित’ वाटतं आणि हात 19:19:19 किंवा 15:15:15 कडे जातो. संतुलन गोणीतलं बघायचं नसतं, पिकाच्या मागणीशी बघायचं असतं.

तुमच्याच टोमॅटोचा हिशेब करू. सुधारित वाणाला हेक्टरी 200 किलो नत्र, 100 किलो स्फुरद, 100 किलो पालाश ही आपल्याकडची नेहमीची शिफारस आहे. संकरित वाणाला तीच 300:150:150. हेक्टरात जवळजवळ 99 गुंठे असतात, म्हणून मी सरळ शंभराने भागतो. एका गुंठ्याला 2 किलो नत्र, 1 किलो स्फुरद, 1 किलो पालाश. म्हणजे पिकाची मागणी दोनास एकास एक अशी आहे.

10:26:26 मधून 1 किलो स्फुरद मिळवायचं तर 1 भागिले 0.26, म्हणजे साधारण 3 किलो 850 ग्रॅम खत लागतं. त्यातच 1 किलो पालाश आपोआप येतं आणि नत्र येतं 385 ग्रॅम. नत्राचे उरलेले 1 किलो 615 ग्रॅम युरियातून भरायचे. युरियात 46 टक्के नत्र असतं, तेव्हा युरिया साडेतीन किलो. हिशेब एवढाच. मिश्रखत लागवडीच्या वेळी मातीआड करून द्यायचं आणि युरिया लागवडीनंतर पंधरा-वीस दिवसांनी सुरू करून तीन हप्त्यांत, दर वेळी सव्वा किलोच्या आत. दुकानात 10:26:26 नसेल तर तोच हिशेब डीएपी आणि पोटॅशने होतो. डीएपी 18:46 असतं, त्यामुळे ते 2 किलो 175 ग्रॅम. पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश असतं, ते 1 किलो 670 ग्रॅम, आणि युरिया पुन्हा साडेतीन किलोच. तिन्ही अन्नद्रव्यं तेवढीच पडली. म्हणून ‘ते खत संपलंय’ म्हटलं की अडून बसू नये.

हेच 15:15:15 ने करायला गेलात तर 2 किलो नत्रासाठी सव्वातेरा किलो खत टाकावं लागेल आणि स्फुरद-पालाश गरजेच्या दुप्पट पडेल. तुमच्या भागातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जास्तीचं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं. पिकाला त्यातलं फारसं लागत नाही आणि पैसे मात्र मोजलेले असतात. 19:19:19 वाईट नाही, पण ते पाण्यात पूर्ण विरघळणारं, ड्रिपचं आणि फवारणीचं खत आहे. त्याची विद्राव्यता हीच महाग असते. ते मातीत मुठीने फेकणं म्हणजे बदामाची खीर म्हशीला घालण्यातला प्रकार.

एका गुंठ्याला दोन्ही मिळून साडेसात किलोही खत लागत नाही, आणि गोणी येते 50 किलोची, युरियाची 45 ची. शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून घ्या. सुटं खत घ्यायची पाळी आली तर गोणी तुमच्यासमोर फोडून मोजून घ्या, कारण उघड्या पोत्यातल्या मालाला लेबलच नसतं. युरिया मागायला गेलात की त्याच्यासोबत एखादी बाटली गळ्यात मारण्याचा जो प्रकार आहे, ज्याला आपण लिंकिंग म्हणतो, त्याला ठाम नाही म्हणायचं. मी स्वतः काउंटरच्या आत होतो. कंपन्यांकडून दबाव येतो हे खरं, पण तो गिऱ्हाइकावर ढकलायचा अधिकार दुकानदाराला नाही.

आता तुमची 4:4:4 ची गोणी. मला खरा रस तिच्यात आहे.

गांडूळखताला खत नियंत्रण आदेशात किमान मर्यादा ठरवून दिल्या आहेत. नत्र 1 टक्का, स्फुरद 0.8, पालाश 0.8, सेंद्रिय कर्ब 18 टक्के, आणि ओलावा 15 ते 25 टक्के. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला त्याहून कमी चालतं. नत्र 0.8, स्फुरद 0.4, पालाश 0.4 आणि कर्ब 12 टक्के. चांगलं गांडूळखत या किमान आकड्यांच्या वर असतं, पण फार वर नाही. शेण, पालापाचोळा आणि गांडुळं यांच्यातून तिन्ही आकडे चार-चार येत नाहीत. निंबोळी पेंडीत नत्र साधारण चार-पाच टक्के असतं, पण स्फुरद-पालाश थोडंच. तिन्ही चार करायचे तर पेंड, हाडांचा चुरा किंवा रॉक फॉस्फेट, आणि राख किंवा मळीपासूनचं पालाश असं काहीतरी मिसळावं लागतं. हे मिसळणं शक्य आहे, कुणी प्रामाणिकपणे करतही असेल. पण मग गोणीवर ते लिहिलेलं हवं. ‘शंभर टक्के शेणखत’ आणि 4:4:4 ही दोन वाक्यं एकाच गोणीवर असतील तर त्यातलं एक खोटं आहे. बहुतेक वेळा आकडे कागदावरचे असतात, आणि कधीकधी आत चक्क रासायनिक खत मिसळलेलं असतं.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. मूठभर खत तळहातावर घ्या, त्यात खायचा ओला चुना घाला आणि तंबाखू मळतो तसं मळा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास लगेच आला तर आत अमोनियायुक्त खत असण्याची शक्यता आहे. डीएपीची खात्री करायला दुकानदार हीच युक्ती वापरतात. पण हिच्या मर्यादाही सांगतो. अर्धवट कुजलेली कोंबडीची विष्ठा असेल तरी असाच वास येतो, आणि युरिया मिसळलेला असेल तर वास येईलच असं नाही. म्हणजे वास आला तर संशय घ्यायचा, नाही आला तर क्लीन चिट द्यायची नाही.

आणि ‘रजिस्टर्ड’ या शब्दाचं काय? गोणी नीट बघा. नावाच्या खांद्यावर गोलात इंग्रजी आर असेल, तर त्याचा अर्थ ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं आहे, एवढाच. दुसऱ्या कुणी ते नाव वापरू नये यासाठीची ती नोंद. आतल्या मालाशी तिचा काडीचा संबंध नाही. त्याच ओळीत बऱ्याचदा आयएसओ 9001 असतं. ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, खतातल्या नत्राचं नाही. उद्यम क्रमांक म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंद, जीएसटी क्रमांक म्हणजे कराची नोंद. हे सगळे क्रमांक खरे असू शकतात आणि तरीही आतला माल खत म्हणून कुठेच नोंदलेला नसतो. ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ लिहिणारा माणूस तसं खोटं बोलत नाही. कशासाठी रजिस्टर्ड, एवढंच तो सांगत नाही.

‘जैविक भारत’चं हिरवं चिन्हही असंच फसवतं. ते सेंद्रिय पद्धतीने पिकवलेल्या खाद्यपदार्थासाठी आहे. सेंद्रिय तांदळाच्या पाकिटावर ते शोभतं, कंपोस्टच्या गोणीवर दिसलं तर विचारायला हवं की हे इथे कसं आलं.

मग बघायचं काय? गोणीवर मालाचं आदेशातलं नाव हवं. ‘गांडूळखत’, ‘शहरी कंपोस्ट’, ‘सेंद्रिय खत’ असं. सोबत खत नियंत्रण आदेशाचा उल्लेख, उत्पादकाचा परवाना क्रमांक, पूर्ण पत्ता, बॅच, उत्पादनाचा महिना, निव्वळ वजन आणि घटकांची टक्केवारी. राज्यात ही नोंदणी कृषी आयुक्तालयाकडून होते, आणि ते पुण्यातच आहे. यातलं काहीच नसेल आणि मालाला ‘भू-सुधारक’, ‘भूमी टॉनिक’, ‘ग्रोथ पॉवर’ असलं काही म्हटलेलं असेल, तर सावध व्हा. ही नावं कित्येकदा मुद्दाम घेतलेली असतात, म्हणजे ‘हे खत नाहीच’ असं म्हणायची वाट मोकळी राहते. बाटलीतल्या पीकवर्धकांनाही 2021 पासून बायोस्टिम्युलंट या नावाने त्याच आदेशात आणलेलं आहे, तेव्हा ‘आमचं उत्पादन कुठल्याच कायद्यात बसत नाही’ हे त्यांच्याकडून ऐकून घेऊ नका.

दुसरी खात्री दुकानातच होते. प्रत्येक खतविक्रेत्याला कंपनीकडून उगम प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आम्ही त्याला ओ फॉर्म म्हणतो. दुकानदार ज्या कंपनीचा माल विकतो, तिचा ओ फॉर्म त्याच्या परवान्याला जोडलेला असायला हवा. परवाना भिंतीवर लावलेला असतो. सरळ विचारा, ‘दादा, या कंपनीचा ओ फॉर्म परवान्यात चढवलाय ना?’ ज्याचा माल सरळ आहे तो फाइल काढून दाखवतो. ज्याचा नाही तो म्हणतो, ‘अहो, सगळे हेच नेतात.’ मीसुद्धा एके काळी असं उत्तर दिलेलं आहे, म्हणून ओळखतो.

ते मला महागात कसं पडलं, तेही सांगतो. सहा वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस स्वस्तात ‘सेंद्रिय’ माल घेऊन आला. दुकानात ठेवण्याआधी मी माझ्याच टोमॅटोला वापरला, गोण्या तीस. लागवडीच्या खड्ड्यात मूठ-मूठ टाकलं. सहाव्या दिवशी रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या. आधी वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून पाणी वाढवलं. वाढीव पाण्याने दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. खताचा नमुना प्रयोगशाळेत दिला, तर क्षारता मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघाली. क्षारता विद्युतवाहकतेवरून मोजतात, आणि कंपोस्टची विद्युतवाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर नसावी असा दंडक आहे. वर आमच्या बोअरचं पाणी मुळातच खारट. तक्रार घेऊन गेलो, तर गोणी पाहून मला सांगण्यात आलं की यावर भू-सुधारक लिहिलंय, हे खत म्हणून विकलेलं नाही, आम्ही नमुना कसा काढणार? गोणीवर मोठ्या अक्षरात ‘सेंद्रिय’ होतं. ‘सेंद्रिय’च्या पुढे ‘खत’ हा शब्द नाही, हे मी तोवर बघितलंच नव्हतं.

तुमचं पाणीही बोअरचं आहे, म्हणून कुठलंही नवं कंपोस्ट सगळ्या वाफ्यांत टाकायच्या आधी अळीव वापरून बघा. डिंकाच्या-अळिवाच्या लाडवातलं तेच अळीव. एक वाटी खत दहा वाट्या पाण्यात ढवळून तासभर ठेवायचं आणि फडक्यातून गाळायचं. दोन ताटल्यांत कागदी रुमाल पसरून प्रत्येकीत वीस-वीस बिया ठेवायच्या. एक ताटली या गाळलेल्या पाण्याने भिजवायची, दुसरी पिण्याच्या पाण्याने. तीन दिवस झाकून सावलीत ठेवायच्या. दोन्हींत सारख्या बिया उगवल्या आणि मुळं साधारण सारखी लांब असली तर खत वापरण्याजोगं आहे. खताच्या ताटलीत निम्म्याहून कमी उगवल्या, किंवा मुळं आखूड आणि टोकाला तपकिरी दिसली, तर ते खत खारट तरी आहे किंवा कच्चं तरी. कच्चं असेल तर ओलावून, पालटून सावलीत महिना-दीड महिना ठेवल्यावर सुधारतं. खारट असेल तर नुसतं ठेवून सुधारत नाही. नत्र किती आहे ते मात्र अळीव सांगत नाही.

आता सेंद्रिय खत त्या रासायनिक हिशेबात कसं बसवायचं? समजा, एका गुंठ्यात 100 किलो गांडूळखत टाकलं. 1 टक्क्याने त्यात 1 किलो नत्र आहे. पण ते सगळं या हंगामात मिळत नाही, सावकाश सुटतं. मी पहिल्या पिकाला त्याचा तिसरा हिस्साच धरतो, म्हणजे साधारण 330 ग्रॅम. त्याबदल्यात युरिया 700 ग्रॅमने कमी करायचा. साडेतीनचा पावणेतीन-अठ्ठावीसशे ग्रॅम होतो. स्फुरद-पालाशातून मी पहिल्या वर्षी काही वजा करत नाही, माती परीक्षणाचा कागद हातात आल्यावरच त्यात हात घालतो. आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर निघतं असं बऱ्याचदा होतं, तसं निघालं तर पोटॅशचे पैसे वाचतात.

दोन गांडूळखतांत निवडायचं झालं तर नत्राच्या दशांशावर वेळ घालवू नका. 1.0 आणि 1.2 यांत तुमच्या टोमॅटोला फरक कळणार नाही. बघा ओलावा आणि कर्ब. 40 किलोच्या गोणीत 25 टक्के ओलावा म्हणजे 10 किलो पाणी. समजा, एक गोणी 400 रुपयांना आहे आणि ओलावा 25 टक्के, दुसरी 420 ला आणि ओलावा 15 टक्के. पहिलीत कोरडा माल 30 किलो, म्हणजे किलोला 13 रुपये 33 पैसे. दुसरीत 34 किलो, 12 रुपये 35 पैसे. महाग दिसणारी गोणी स्वस्त निघाली. लेबलवर ओलावा लिहिलेला नसेल तर मूठ दाबून बघा. बोटांतून पाणी आलं तर तुम्ही पाणी विकत घेताय. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टोचताच फुटला, तर बरोबर.

तुमची 4:4:4 ची गोणी मी असतो तर घेतली नसती, निदान तो दुकानदार ओ फॉर्म दाखवून ‘हे आकडे कशातून आलेत’ हे सांगेपर्यंत तरी. तेवढ्या पैशांत परवाना क्रमांक असलेलं साधं गांडूळखत आणि वर साडेसहा-सात किलो रासायनिक खत, यात तुमचा टोमॅटो निघेल. वांग्याची सुधारित वाणाची मागणी टोमॅटोच्या निम्मी धरा. पालेभाजीला लागवडीआधी कंपोस्ट आणि मग थोडा युरिया पुरतो. मिश्रखताची तिला गरज नाही.

बिलावर कंपनीचं नाव, ग्रेड आणि बॅच लिहून घ्या. रिकामी गोणी तोडा संपेपर्यंत फेकू नका, लेबलची बाजू वर ठेवून घडी करून ठेवा. काही बिनसलं तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे जाताना हीच दोन कागदपत्रं लागतात. आणि जमलं तर एक गोणी न फोडता ठेवा. निरीक्षक नमुना बंद गोणीतून काढतो, तुमच्या वाफ्यातून नाही.